आरशात तीच व्यक्ती दिसायला हवी: जनरेट केलेल्या चित्रात प्रतिबिंब कसं जुळवायचं

एआयने बनवलेलं एखादं चित्र पहिल्या नजरेला झकास वाटतं, बाई आरशासमोर उभी आहे, पाठ आपल्याकडे, आरशात चेहरा दिसतोय, उजेड मस्त. मग जरा नीट बघितलं की कळतं की बाहेरच्या बाईचा हात कानाशी आहे आणि आरशातल्या बाईचा हात खाली लोंबतोय, किंवा हात वर आहे पण भलत्याच बाजूचा, आणि चेहरा तर रेफरन्स फोटोतल्या व्यक्तीच्या चुलत बहिणीसारखा आलाय. प्रॉम्प्टमध्ये "अचूक प्रतिबिंब" असं कितीही वेळा लिहिलं तरी फार फरक पडत नाही, कारण अडचण शब्दांची नाहीये.

डिफ्यूजन मॉडेल चित्र बनवताना प्रकाशाचे किरण कुठून कुठे जातात याचा हिशोब करत नाही. त्याने कोट्यवधी फोटो बघितलेत, त्यातून त्याला एवढं कळलंय की चौकटीत चकचकीत काच असली की आत साधारण समोरच्या माणसासारखा माणूस असतो. साधारण सारखा, बस. आत दिसणारा माणूस त्याच्यासाठी दुसरा माणूसच आहे. त्यात भर म्हणजे ट्रेनिंगच्या वेळी फोटो डावे-उजवे उलटवून वापरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, त्यामुळे डावा हात आणि उजवा हात यातला फरक मॉडेलच्या दृष्टीने आधीच पुसट झालेला असतो. म्हणून प्रतिबिंब मॉडेलवर सोडायचं नाही, ते आधी आपण भूमितीने ठरवायचं आणि मॉडेलला फक्त ते रंगवायला द्यायचं, माझं तरी यावर ठाम मत आहे.

आता भूमिती म्हटल्यावर घाबरायचं काही कारण नाही. आरसा म्हणजे भिंतीतली खिडकी समजा आणि त्या खिडकीपलीकडे आपल्याच खोलीची उलटी प्रत आहे असं समजा. व्यक्ती आरशापासून 1 मीटरवर असेल तर तिचं प्रतिबिंब आरशाच्या मागे 1 मीटरवर. नाक आरशापासून 80 सेंटीमीटरवर असेल तर प्रतिबिंबातलं नाक मागे 80 सेंटीमीटरवर. प्रत्येक बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब यांना जोडणारी रेघ आरशाला काटकोनात असते. सगळं यातूनच निघतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. चित्र 1200 बाय 1200 पिक्सेलचं आहे. आरसा समोरच्या भिंतीवर, कॅमेरा सरळ त्याच्याकडे बघतोय, कॅमेरा ते आरसा अंतर 3 मीटर, कॅमेऱ्याची उंची दीड मीटर. बाई आरशापासून 1 मीटरवर, आरशाकडे तोंड करून, म्हणजे आपल्याला पाठ दिसतेय, आणि ती चित्राच्या मधोमध नसून 70 सेंटीमीटर डावीकडे सरकून उभी आहे. डाव्या हाताने ती कानातलं नीट करतेय. लेन्स अशी धरू की 1 मीटर अंतरावरची 1 मीटर लांबीची वस्तू चित्रात 1000 पिक्सेल दिसेल, हे साधारण मध्यम वाइड लेन्ससारखं झालं.

बाई कॅमेऱ्यापासून 2 मीटरवर आहे. तिचं प्रतिबिंब आरशामागे 1 मीटर, म्हणजे कॅमेऱ्यापासून 4 मीटरवर. दुप्पट अंतर, म्हणून प्रतिबिंब बरोबर निम्म्या आकाराचं दिसणार. बाहेर डोकं 80 पिक्सेल रुंद असेल तर आरशात 40. एआयच्या चित्रात बऱ्याच वेळा चुकते ती हीच गोष्ट. बाहेरची आणि आतली बाई जवळजवळ सारख्या आकाराची येते, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं जरूर.

आता जागा. बाईचा मध्य 70 सेंटीमीटर डावीकडे, 2 मीटरवर, म्हणजे चित्राच्या मध्यापासून 350 पिक्सेल डावीकडे, x ची किंमत 250. प्रतिबिंब तेवढंच डावीकडे पण 4 मीटरवर, म्हणजे मध्यापासून 175 पिक्सेल, x ची किंमत 425. म्हणजे प्रतिबिंब बाहेरच्या बाईपेक्षा चित्राच्या मध्याकडे सरकलेलं दिसणार, आणि हे प्रत्येक बिंदूला लागू आहे, फक्त प्रमाण त्या बिंदूच्या आरशापासूनच्या अंतरावर ठरतं. सूत्र एवढंच:

```
r  = (D - d) / (D + d)
x2 = cx + (x - cx) * r
y2 = cy + (y - cy) * r
```

यात `D` म्हणजे कॅमेरा ते आरसा, `d` म्हणजे तो बिंदू ते आरसा, आणि `cx`, `cy` म्हणजे चित्राचा मध्य, आपल्या केसमध्ये दोन्ही 600. कानाशी असलेलं डावं मनगट बाहेर 190 वर असेल तर आरशात 395 वर. डोक्याचा वरचा टोकाचा बिंदू कॅमेऱ्याच्या उंचीपेक्षा 10 सेंटीमीटर वर आहे, तो बाहेर मध्यरेषेच्या 50 पिक्सेल वर आणि आरशात 25 पिक्सेल वर. म्हणजे आरशातलं डोकं बाहेरच्या डोक्यापेक्षा थोडं खाली सुरू होणार, कॅमेरा डोक्याच्या खाली असला की असंच होतं.

हे सूत्र आरसा कॅमेऱ्याला सरळ समोर असेल तरच चालतं, तिरका असेल तर चालत नाही, तिथे काय करायचं ते पुढे येईलच. आणि हात पुढे केलेला असेल तर तो बिंदू वेगळा मोजायचा. समजा तिने हात लांब केला आणि मनगट आरशापासून 20 सेंटीमीटरवर आलं, तर r होतो 2.8 भागिले 3.2, म्हणजे 0.875, तो हात आरशात जवळजवळ बाहेरच्या हाताएवढाच दिसणार. बोट आरशाला टेकलं की r बरोबर 1, बोट आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडणार (साध्या काचेच्या आरशात चकाकी मागच्या बाजूला असते म्हणून बारीक फट दिसते, ती दाखवली तर छानच). म्हणजे अख्खं प्रतिबिंब एकाच प्रमाणात लहान केलेली कॉपी नसतं, आरशाच्या जवळचे अवयव मोठे आणि लांबचे लहान असं असतं.

बाईला मधोमध का नाही उभं केलं? कारण मधोमध उभी केली तर सूत्राप्रमाणे प्रतिबिंबही मधोमध, ते निम्म्या आकाराचं, म्हणजे पूर्ण तिच्या पाठीमागे लपणार. कॅमेरा डोक्याच्या उंचीच्या आसपास असताना मागून काढलेल्या चित्रात व्यक्ती मधोमध आणि आरशात तिचा पूर्ण चेहरा, हे सपाट समोरच्या आरशात होऊच शकत नाही. एआय असली चित्रं हवी तेवढी देतं. आपल्या केसमध्ये बाहेरचं धड 140 ते 360 पिक्सेल एवढी जागा घेतं आणि प्रतिबिंबाचं 370 ते 480, जेमतेम सुटतं. कंपोझिशन ठरवतानाच हे बघून घेतलं तर पुढची कितीतरी डोकेदुखी वाचते.

आता पोज मॉडेलला द्यायची कशी. यासाठी मॉडेलला पोज किंवा आकार आखून देणाऱ्या कंट्रोलनेटचं ओपनपोज वापरतात, म्हणजे काड्यांचा रंगीत सांगाडा, 18 बिंदूंचा. इथे मजा अशी आहे की आपल्याकडे जो रेफरन्स फोटो असतो तो बहुतेक वेळा समोरून काढलेला असतो, आणि आपल्या सीनमध्ये समोरची बाजू दिसते ती फक्त आरशात. म्हणजे रेफरन्स खरं तर प्रतिबिंबाला लागू पडतो, बाहेरच्या पाठमोऱ्या बाईला नाही. म्हणून मी उलट्या दिशेने जायला सांगेन: रेफरन्समधून सांगाडा काढा, तो डावा-उजवा उलटवा, हा झाला प्रतिबिंबाचा सांगाडा, मग त्याच सूत्राने उलट हिशोब करून मध्यापासून दुप्पट लांब नेऊन बाहेरचा सांगाडा बनवा.

पण एक गोष्ट इथे हमखास राहते. ओपनपोजच्या सांगाड्यात डाव्या आणि उजव्या अवयवांना वेगवेगळे रंग असतात आणि मॉडेल त्या रंगांवरून ठरवतं की माणूस आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ. बाई पाठमोरी आहे, तिचा डावा हात चित्राच्या डावीकडे आहे. आरशातही तो हात चित्राच्या डावीकडेच आहे, पण तिथे चेहरा आपल्याकडे आहे, आणि आपल्याकडे तोंड असलेल्या माणसाचा चित्रात डावीकडे दिसणारा हात हा उजवा हात म्हणून ओळखला जातो. मॉडेलला आरसाबिरसा काही कळत नाही, त्याला तो समोरून दिसणारा दुसरा माणूस आहे, ज्याने उजवा हात वर केलाय. म्हणून बाहेरचा सांगाडा कॉपी करून लहान केला आणि तसाच आरशात ठेवला तर मॉडेल आरशातसुद्धा पाठच रंगवतं, हे अनेकांनी बघितलं असेल आणि कारण न कळल्यामुळे सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, बदलत बसले असतील. करायचं काय, तर सांगाडा कॉपी केल्यावर बिंदूंची नावं डावी-उजवी अदलाबदल करायची:

```
swap = {2:5, 3:6, 4:7, 8:11, 9:12, 10:13, 14:15, 16:17}
```

2, 3, 4 म्हणजे उजवा खांदा, कोपर, मनगट, त्यांची 5, 6, 7 शी अदलाबदल, मग नितंब-गुडघा-घोटा, मग डोळे आणि कान. शिवाय बाहेरच्या पाठमोऱ्या सांगाड्यातून नाक आणि डोळे, म्हणजे 0, 14 आणि 15, काढून टाकायचे आणि आरशातल्या सांगाड्यात ठेवायचे. रेफरन्सचा उलटवलेला फोटो पुन्हा ओळखायला दिला असेल तर नावं आपोआप बरोबर येतात, हाताने आकडे हलवले असतील तरच ही अदलाबदल लागते.

चेहऱ्याचं गणित वेगळं आहे. खऱ्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, भांग एका बाजूला, तीळ एका गालावर, एक भुवई जरा वर. प्रतिबिंबात हे सगळं उलट्या बाजूला दिसायला हवं. म्हणून रेफरन्स फोटोवरून चेहरा उचलणारा आयपी-अ‍ॅडॅप्टर किंवा तसं काही वापरत असाल तर आरशाच्या भागाला मास्क लावून तिथे रेफरन्स उलटवून द्यायचा. मात्र त्याआधी रेफरन्स स्वतः उलटा नाही ना ते बघा. बरेच फोन सेल्फी काढताना आरशासारखा उलटाच फोटो सेव्ह करतात, सेटिंगवर असतं ते. टीशर्टवरची अक्षरं, मागे दिसणारी पाटी, घड्याळाचे आकडे यातून लगेच कळतं. सेल्फी आधीच उलटा असेल आणि तुम्ही परत उलटवला तर तीळ बरोबर चुकीच्या गालावर जाणार.

आणि उलटवलेला रेफरन्स देऊनही तीळ योग्य बाजूला येईलच याची खात्री नाही, कारण आयपी-अ‍ॅडॅप्टर अख्ख्या फोटोचा एक आटवलेला सारांश मॉडेलला देतो, त्यात साधारण चेहरेपट्टी टिकते पण कुठली खूण कुठल्या बाजूला हे नीट टिकत नाही. त्यात प्रतिबिंबाचा चेहरा लहान. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स चित्र थेट पिक्सेलमध्ये बनवत नाहीत, प्रत्येक बाजूने 8 पट आटवलेल्या जागेत बनवतात. आपला आरशातला 40 पिक्सेलचा चेहरा तिथे फक्त 5 घरांचा होतो. 5 घरांत डोळे, नाक, ओठ, तीळ कसे बसणार? म्हणून तो चुलत बहिणीसारखा येतो, मॉडेल वाईट आहे म्हणून नाही.

यावर इलाज म्हणजे दोन टप्प्यांत काम. पहिल्या टप्प्यात दोन्ही सांगाडे देऊन पूर्ण सीन बनवा, चेहऱ्याची काळजी करू नका. दुसऱ्या टप्प्यात आरशातल्या चेहऱ्याभोवतीचा 256 पिक्सेलचा चौकोन कापा, तो 1024 पर्यंत मोठा करा, आता चेहरा 160 पिक्सेलचा म्हणजे 20 घरांचा झाला, तिथे मास्क लावून इनपेंट करा, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा रंगवून घ्या, आणि परत लहान करून जागेवर बसवा. डीनॉइझिंग, म्हणजे मॉडेलला जुनं चित्र बदलायची मुभा, 0.4 ते 0.5 च्या आसपास ठेवून सुरुवात करा, जास्त वाढवलं तर डोकं कललेलं असताना सरळ होतं आणि जुळवलेली पोज हातची जाते. खुणा फार महत्त्वाच्या असतील तर हा कापलेला तुकडा आधी डावा-उजवा उलटवून घ्या, सरळ रेफरन्सने सरळ चेहरा रंगवा, आणि मग उलटवून बसवा. टीशर्टवर अक्षरं असतील तर हाच एक भरवशाचा मार्ग आहे, उलटी अक्षरं मॉडेलकडून थेट लिहून घेणं जवळपास अशक्य.

नजर. याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. रेफरन्स फोटोत व्यक्ती कॅमेऱ्याकडे बघत असते, तो चेहरा आरशात गेला की आरशातली बाई आपल्याकडे बघते. पण ती कानातलं बघतेय ना? मग ती स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघतेय, म्हणजे आरशाला काटकोनात. आपला कॅमेरा तिच्या 70 सेंटीमीटर उजवीकडे आहे आणि प्रतिबिंब 4 मीटरवर, म्हणजे तिचा चेहरा आपल्यापासून सुमारे 10 अंश वळलेला दिसायला हवा, नजर आपल्या डाव्या खांद्याच्या बाहेरून जाणारी. आरशातले डोळे थेट लेन्समध्ये असतील तर त्याचा अर्थ ती आरशातून आपल्याला बघतेय, तो वेगळा सीन झाला, तो हवा असेल तर ठीकच.

आरसा तिरका असेल, किंवा ड्रेसिंग टेबलचे तीन आरसे असतील, तर आकडेमोड हाताने करण्यात अर्थ नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधी बाहुली रेफरन्सच्या पोजमध्ये उभी करा, आरशाच्या जागी भिंतीला भोक ठेवा, आणि अख्ख्या खोलीची कॉपी त्या प्रतलात उलटवून, म्हणजे त्या अक्षावर स्केल -1 करून, भोकाच्या पलीकडे ठेवा. खरा आरसा का नको? कारण डेप्थ मॅप, म्हणजे कुठला भाग किती लांब आहे याचा नकाशा, काढला की खऱ्या आरशाची जागा एकाच अंतरावर सपाट येते, आणि डेप्थवालं कंट्रोलनेट तिथे सपाट काहीतरी रंगवतं, पोस्टर लावल्यासारखं. भोकातून पलीकडची प्रत दिसली की आरशाची चौकट 3 मीटरवर आणि प्रतिबिंब 4 मीटरवर अशी खरी अंतरं मॉडेलला मिळतात. 2024 मध्ये आलेल्या मिररफ्यूजन नावाच्या संशोधनातही आरशाचा भाग इनपेंटिंगने भरताना सोबत डेप्थ दिली होती, म्हणजे दिशा तीच.

झालेलं चित्र तपासायचं कसं? बाहेरच्या कोपरापासून आरशातल्या कोपरापर्यंत रेघ ओढा, मग मनगट ते मनगट, कान ते कान, टेबलावरच्या बाटलीचं झाकण ते प्रतिबिंबातलं झाकण. या सगळ्या रेघा वाढवल्या की एकाच बिंदूत भेटल्या पाहिजेत, कारण खऱ्या जगात त्या सगळ्या एकमेकींना समांतर आहेत. आरसा सरळ समोर असेल तर तो बिंदू चित्राच्या मध्यात येतो, तिरका असेल तर दुसरीकडे कुठेतरी, पण एकच. 2012 मध्ये जेम्स ओब्रायन आणि हनी फरीद यांनी बनावट फोटो पकडायला हीच गोष्ट वापरली होती. आपण तीच आपलं काम तपासायला वापरायची, पाच मिनिटांत होतं आणि कुठला अवयव हलवायचा ते थेट दिसतं. फक्त चित्र नंतर क्रॉप केलं असेल तर मध्य मूळ फ्रेमचा धरा, क्रॉपचा नाही.

पाण्याचं प्रतिबिंब बऱ्याच बाबतीत सोपं आहे. आरसा आडवा झाला, आणि कॅमेरा सरळ धरलेला असेल तर व्यक्ती आणि प्रतिबिंब आकाराने सारखेच, सरळ एकाखाली एक. डावा हात चित्रात ज्या बाजूला, प्रतिबिंबातही त्याच बाजूला. लोक इथे चित्र 180 अंशात फिरवतात आणि हात बदलतो, फिरवायचं नाही, वर-खाली उलटवायचं.

उलटवायचं कुठल्या रेघेवर ते मात्र नीट बघा. माणूस पाण्यातच उभा असेल तर पाणी जिथे पायाला भिडतं ती रेघ. पण तो काठावर, पाण्यापेक्षा 40 सेंटीमीटर उंचीवर उभा असेल तर रेघ त्याच्या पायाखाली 40 सेंटीमीटरवर आहे, काठ मध्ये असल्याने ती दिसतही नाही. आपल्याच लेन्सने तो 5 मीटरवर असेल तर 40 सेंटीमीटर म्हणजे 80 पिक्सेल, आणि प्रतिबिंबातले पाय खऱ्या पायांच्या 160 पिक्सेल खाली येणार, मधे काठ आणि काठाचं प्रतिबिंब. काठ पायांच्या पुढे पसरलेला असेल तर प्रतिबिंबात पाय दिसणारच नाहीत, गुडघ्यापासून वरचंच दिसेल. एआय सरसकट पायाला पाय चिकटवून देतं.

दुसरं म्हणजे पाणी माणसाला खालून बघतं. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर वर असेल तर प्रतिबिंब असं दिसतं जणू कॅमेरा पाण्याखाली दीड मीटरवर आहे. त्या काठावरच्या माणसाचा चेहरा पाण्यापासून 1.9 मीटर वर धरला तर तिथून तो सुमारे 34 अंश वर दिसतो, म्हणजे हनुवटीची खालची बाजू, टोपीच्या कडेची खालची बाजू दिसायला हवी. नुसतं उलटवून हे येत नाही. तोच माणूस 30 मीटरवर असेल तर कोन साडेसहा अंशांच्या आसपास येतो आणि नुसतं उलटवलेलं चित्र बिनधास्त चालतं. म्हणून लांबच्या सीनला उलटवून चिकटवा आणि वरून कमी डीनॉइझिंगने, 0.3 वगैरे, लाटा रंगवून घ्या. जवळच्या सीनला ब्लेंडरची बाहुलीच बरी. उलट्या सांगाड्यावर ओपनपोजच्या भरवशावर राहू नका, उलटी माणसं ट्रेनिंगमध्ये इतकी कमी असतात की मॉडेल त्यांना मधेच सरळ करतं.

लाटा असतील तर प्रतिबिंब उभ्या दिशेने ताणलं जातं आणि आडव्या पट्ट्यांमध्ये तुटतं, रुंदीला फारसं वाढत नाही, त्यामुळे सगळीकडे सारखा ब्लर मारला की ते पाण्यापेक्षा धुरकट काचेसारखं दिसतं. आणि पाणी सगळीकडे सारखं परावर्तन करत नाही. सरळ खाली बघितलं तर जेमतेम 2 टक्के प्रकाश परत येतो, नजर जितकी तिरकी तितकं प्रतिबिंब ठळक होत जातं. म्हणून कॅमेऱ्याच्या पायाशी असलेल्या पाण्यात तळातले दगड दिसायला हवेत आणि लांबच्या पाण्यात माणूस. उलटं डोकं फ्रेमच्या खालच्या कडेजवळ येत असेल तर ते खांद्यांपेक्षा जरा फिकं करा, तिथून तळ थोडा डोकावू द्या.